नकारानंतरचं पत्र

मी त्या बाईंना नकार कळवला तेव्हा आई खाटेवर होती. मोरीत पाय घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि कमरेपासून खाली पूर्ण पाय प्लास्टरमध्ये होता. आम्ही ठाकूरद्वारला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. घरात वडील, आई आणि मी, एवढेच. वडील म्युनिसिपालिटीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना चहाखेरीज काही करता येत नव्हतं, आणि चहासुद्धा आई खाटेवरून सूचना देई तेव्हाच नीट होई.

अशात एक दिवस टाइप केलेलं पाकीट आलं. फोर्टात एक बाई नोकऱ्या मिळवून देण्याचा ब्युरो चालवत. कंपन्या त्यांना सांगत, आम्हाला अशी अशी स्टेनो पाहिजे. आणि बाई आपल्याकडच्या यादीतून माणूस शोधून पाठवत. मी जिथे शॉर्टहँड शिकत होते त्या क्लासच्या मास्तरांनी माझं नाव त्यांना कळवलं होतं. एका इंजिनीअरिंग कंपनीच्या मोठ्या साहेबाला सेक्रेटरी हवी होती. मिनिटाला किमान शंभर शब्दांचा वेग, संध्याकाळी सातपर्यंत थांबायची तयारी, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा साहेबांबरोबर दिल्ली.

माझा वेग तेव्हा ऐंशीचा होता. मी एका कागदाच्या व्यापाऱ्याकडे टायपिस्ट होते आणि साडेपाचला सुटून सहाच्या आत घरी पोचत होते, कारण आईला कूस बदलायला माझी मदत लागे. दिल्ली तर दूरच राहिली. मी त्याच संध्याकाळी लिहून टाकलं की आपण आठवण ठेवलीत याबद्दल आभारी आहे, पण माझा वेग कमी आहे, आई आजारी आहे, सातपर्यंत थांबता येणार नाही. आमच्या क्लासमधल्या एका मुलीचा वेग शंभराच्या वर होता; तिला विचारून तिचा पत्ताही त्यात दिला. पत्र पेटीत टाकलं आणि विसरून गेले.

वर्षभरात दोन गोष्टी झाल्या. आई चालायला लागली. आधी खोलीतल्या खोलीत, मग गॅलरीत, आणि एक दिवस मी कामावरून आले तर आई खाली भाजीवाल्याशी हुज्जत घालत उभी. तीन मजले ती एकटी उतरली होती. वडील वरून, "अगं, सावकाश," म्हणत होते आणि ती त्यांच्याकडे बघतही नव्हती.

दुसरी गोष्ट माझ्या वेगाची. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे होते. चौपाटीवर, शिवाजी पार्कात, कामगार वस्तीतल्या मैदानांत, आठवड्याला एखादी तरी सभा असायची. वडील प्रत्येक सभेला जात. आई बरी झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले. क्लासमध्ये मास्तर घड्याळ लावून संथपणे पत्रं वाचून दाखवत. इथे वक्ते कुणासाठी थांबत नव्हते. एकदा सहज पर्समधली वही काढली आणि भाषण उतरवून बघितलं.

शॉर्टहँड इंग्रजीसाठी केलेलं असलं तरी त्यात अक्षरं नसतात, आवाज असतात. जाड रेघ, बारीक रेघ, हुकासारखा आकडा, वर्तुळ. मग मराठीचे आवाज का नाहीत? 'ळ'ला खूण नव्हती, 'ण'ला नव्हती. त्या मी माझ्या केल्या. पहिल्या सभेत निम्मं सुटलं. तिसऱ्या-चौथ्या सभेपर्यंत वाक्यं पुरी यायला लागली.

एका सभेत शेजारी बसलेले टोपीवाले गृहस्थ बराच वेळ माझ्या पेन्सिलीकडे बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुणासाठी लिहिताय?"

"माझ्यासाठी."

"पोलीस खात्याच्या तर नाही ना? ते पण असंच वेडंवाकडं लिहितात."

आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. वडिलांचा चेहरा उतरला. मी वही पुढे केली आणि म्हटलं, "प्रॅक्टिस करतेय. हवं तर वाचून दाखवते." आणि मघाची पाच मिनिटं वाचून दाखवली, वक्त्यांनी मध्येच लाउडस्पीकरवाल्याला दिलेली शिवीदेखील त्यात होती. ती मी लिहिली कधी ते माझं मलाच कळलं नव्हतं. ते गृहस्थ इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढच्या सभेपासून त्यांनी आमच्यासाठी कर्ण्याजवळची जागा धरून ठेवायला सुरुवात केली.

त्या वर्षअखेर मी क्लासमध्ये एकशे दहाची परीक्षा पास झाले. कागदाच्या दुकानात मात्र तेच होतं. 'आपला माल रवाना केला आहे' हे वाक्य मी दिवसातून तीस वेळा टाइप करायची. मला तिथून निघायचं होतं, आणि कपाटात कागद चाळताना ते जुनं पाकीट हाताला लागलं.

"त्यांना लिहू का?" मी वडिलांना विचारलं.

वडिलांना ते पसंत नव्हतं. "वर्षापूर्वी तू नाही म्हणालीस. आता कोणत्या तोंडानं जायचं? त्यांना वाटेल, गरज पडली तेव्हा आठवण आली."

"गरज पडली म्हणूनच आठवण आली ना?"

"तसं लिहायचं नसतं," ते म्हणाले आणि स्वतः मसुदा करायला बसले. तीस वर्षं कचेरीत घालवलेल्या माणसाचा मसुदा. त्यात मी दोनदा क्षमा मागत होते, तीनदा विनंती करत होते आणि शेवटी त्यांची आज्ञाधारक सेविका होते. आईनं तो चुलीपुढे बसून ऐकला आणि म्हणाली, "हिनं त्या बाईंचं काय चोरलंय?"

मी माझं पत्र लिहिलं. एका पानाच्या आत. गेल्या वर्षी अमुक महिन्यात आपण मला अमुक जागेबद्दल लिहिलं होतं. वेग कमी होता आणि आई आजारी होती म्हणून मी नकार दिला होता. आता आई बरी आहे, वेग एकशे दहा आहे, सर्टिफिकेटची नक्कल सोबत जोडली आहे. ती जागा भरली गेली असणारच, मी ती मागत नाही. माझ्याजोगं दुसरं काही निघालं तर कळवावं. शनिवारी दुपारी एकनंतर मी भेटायला येऊ शकते. सकाळी नऊ ते सहा थांबायला अडचण नाही, मुंबईबाहेर जायला अजून आहे. बस. वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, "फार कोरडं आहे." पण पाकिटावर तिकीट त्यांनीच लावलं.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. उत्तर नाही. तीन आठवड्यांनी मी एक साधं कार्ड टाकलं. दोनच ओळी: अमुक तारखेला पत्र पाठवलं होतं, पोचलं असेल अशी आशा, मी अजून नोकरीच्या शोधात आहे. चार दिवसांत उत्तर आलं. शनिवारी दोन वाजता या, वही-पेन्सिल आणा.

ब्युरो फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. एक खोली, दोन टेबलं, एक टाइपरायटर आणि भिंतीला लागून लांब लाकडी खणांचं कपाट. बाई पारशी होत्या, पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आम्ही इंग्रजीत सुरुवात केली, पण पाच मिनिटांत त्या मराठीवर आल्या. त्यांना लहानपणी रत्नागिरीकडच्या आयानं सांभाळलं होतं, आणि त्यांचं मराठी म्हणजे सगळं त्या आयाचं मराठी होतं.

"तुझं पत्र आलेलं मला," त्या म्हणाल्या. "पन तवा जागा नव्हती, म्हनून नाय लिवलं. मग तुझं कार्ड आलं, आनि त्याच आठवड्यात एक जागा आली. कार्ड नसतं आलं तर मी विसरली असती. शंभर पोरींची पत्रं येतात."

त्यांनी एक खण ओढला आणि पुठ्ठ्याचं एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. त्यावर माझं नाव, वेग, पत्ता आणि खाली त्यांच्या अक्षरात इंग्रजीत तीन छोट्या ओळी होत्या. नाही म्हणाली. कारण खरं दिलं. पुन्हा विचारावं.

मी ते दोनदा वाचलं. वर्षभर माझ्याबद्दल असं काही त्या खणात पडून होतं हे मला माहीत नव्हतं.

"एवढ्यानं काय होतं?" मी विचारलं.

"खूप होतं. मी दहा पोरींना लिवते. पाच उत्तरच देत नाय. दोघी हो म्हनतात आनि साहेबाकडे जातच नाय, मग साहेब मला बोलतो. दोघी जातात आनि आठवड्यात सोडतात, की आईला बरं नाय. तुझ्या आईला बरं नव्हतं ते तू आधी सांगितलं. वर दुसरी पोरगी पन दिली. ती घेतली त्या साहेबानं."

"अजून आहे ती तिथे?"

"नाय, चार महिन्यांत पळाली. साहेब वाईट. तिला मी दुसरीकडे लावलं, आता ती मजेत आहे. त्या साहेबाकडे त्यानंतर आनखी दोन झाल्या. तू नाय गेलीस ते बरं."

मग त्यांनी परीक्षा घेतली. इंग्रजी पत्र, पाच मिनिटं, मग ते टाइप करून दाखवायचं. त्यांनी तपासलं, एक स्वल्पविराम दाखवला आणि विचारलं, "एका वर्षात ऐंशीचे एकशे दहा कसे केलेस?"

मी थोडी घुटमळले. सभांचं सांगावं की नाही कळेना. फोर्टातल्या कंपन्यांना ते कितपत आवडेल, कोण जाणे. पण मघाशीच त्यांनी माझ्या खऱ्या कारणाचं कौतुक केलं होतं, तेव्हा सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मराठीत? शॉर्टहँड मराठीत लिवतेस?"

"हो."

"हे पत्रात कुठाय?"

"ते... त्याचं काही सर्टिफिकेट नाही."

"सर्टिफिकेट नाय म्हनून लिवलं नाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बस. पेन्सिल घे. मी मराठी बोलते."

आणि त्या बोलायला लागल्या. त्यांना भाषण येत नव्हतं, बातमी येत नव्हती. त्यांच्याकडे मराठीत होतं ते फक्त आयाचं रागावणं. लहानपणी दूध सांडल्यावर, कपडे मळवल्यावर, जेवायला न आल्यावर आया काय काय म्हणायची ते त्यांनी हातवारे करत तीन मिनिटं एका दमात म्हणून दाखवलं. मी खाली मान घालून लिहीत गेले. मग जसंच्या तसं वाचून दाखवलं, "उंडगी मेली, केस बघ कसे झालेत, वाडवण झालीय वाडवण" इथपर्यंत. वाडवण म्हणजे केरसुणी. वाचून वर बघितलं तर बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या.

"बरोब्बर तिचाच आवाज," त्या म्हणाल्या. नाक पुसून त्यांनी दुसरा खण उघडला. "आता ऐक. ही जागा कुनाला देऊ मला कळत नव्हतं. परळच्या इस्पितळात एक डॉक्टर आहे. गिरनीतल्या कापसाच्या धुळीनं छातीला काय होतं त्याचा अभ्यास करतो. कामगार येतात, बोलतात मराठीत, ते उतरवून घ्यायचं आनि इंग्रजीत टाइप करायचं. त्यानं दोन टायपिस्ट बघितले, दोघे नाय चालले. वाईट गोष्ट पन सांगते. नोकरी कायम नाय. अभ्यास दीड वर्षाचा, पैसे ट्रस्टचे. संपला की संपला. तुझी आत्ताची कायम आहे ना?"

"हो."

"मग घरी विचार. मला सोमवारपर्यंत सांग. नाय म्हनालीस तरी चालेल, कार्ड मी ठेवीन."

घरी वडिलांनी 'कायम नाही' एवढंच ऐकलं. कायम नोकरी सोडून दीड वर्षाची घेणं म्हणजे त्यांच्या लेखी पायरी नसलेल्या ठिकाणी पाऊल टाकणं होतं. आईनं विचारलं, "काम कसलं?" मी सांगितलं. आईचे दोन मामेभाऊ लालबागला राहत, दोघेही गिरणीत. थोरल्याला बोलता बोलता दम लागायचा. आई एवढंच म्हणाली, "जाऊन तर बघ."

मी सोमवारी ब्युरोला फोन केला आणि गुरुवारी सुट्टी काढून ट्रामनं परळला गेले.

डॉक्टर तमिळ होते, माटुंग्याला राहणारे. मराठी बोलत, पण बाजारात लागतं तेवढं. त्यांनी माझी सर्टिफिकेटं बघितलीही नाहीत. "एक माणूस बाहेर बसला आहे. त्याला बोलवतो. तुम्ही लिहा," एवढंच म्हणाले.

आत आले ते चाळिशीचे, बारीक, स्वच्छ धुतलेला शर्ट घातलेले गृहस्थ. कार्डिंग खात्यात वीस वर्षं. म्हणजे कापूस पिंजून निघतो तिथे, जिथे धूळ सगळ्यात जास्त. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी होतो. ते आधी अडखळले, मग मालवणीत सुरू झाले. माझ्या आईचं माहेर तिकडचं. मला एकही शब्द अडला नाही.

"सोमवारी कामार गेलय की छाती आवळता. मंगळवारी जरा कमी. शनिवारी कायच नाय. रविवारी घराक असतय तेव्हा बरो असतय, आणि सोमवारी परत तेचा तेच."

डॉक्टरांनी आणखी तीन-चार प्रश्न विचारले, त्यांतले दोन पहिल्यासारखेच. गृहस्थांनी उत्तरं दिली आणि मान वळवून भिंतीकडे बघत हळूच काहीतरी पुटपुटले. माझी पेन्सिल चालूच होती.

"वाचा," डॉक्टर म्हणाले.

मी वाचत गेले. शेवटच्या ओळीशी आले आणि थांबले. गृहस्थ माझ्याकडे बघत होते. त्यांना आत्ता कळलं होतं की ते वाक्यही कागदावर आहे.

"का थांबलात?"

"पुढचं तुमच्याबद्दल आहे."

"वाचा. बोललेत ना ते?"

मी गृहस्थांकडे बघितलं. त्यांनी 'आता काय करणार' असे हात पसरले. मी वाचलं, "ह्यो डॉक्टर तेच तेच इचारता. ह्याच्यापेक्षा आमचो मुकादम बरो."

डॉक्टरांनी मला अर्थ विचारला, मी सांगितला. मग ते खुर्चीत मागे रेलून हसले, आणि ते हसताहेत हे बघून ते गृहस्थही हसायला लागले, खोकत खोकत.

"मी खरंच दोनदा विचारलं," डॉक्टर म्हणाले. "सॉरी." मग माझ्याकडे वळून इंग्रजीत सांगू लागले. आधीच्या टायपिस्टांनी प्रत्येकाच्या कागदावर एकच ओळ लिहिली होती, 'रोग्याला दम लागतो.' पन्नास माणसं, पन्नास वेळा तीच ओळ. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्रास वाढतो का, हे त्यांना शोधायचं होतं, पण तसं विचारलं की माणूस नुसता हो म्हणतो. "हे आपण होऊन सोमवार म्हणाले. मला तोच सोमवार हवा होता. तुम्ही कधीपासून येता?"

मी एक महिना मागितला, कारण दुकानात नोटीस द्यायला हवी होती. संध्याकाळी फोर्टात जाऊन बाईंना प्रत्यक्ष सांगितलं. त्यांनी माझं कार्ड काढलं, जुन्या ओळींखाली तारीख घातली आणि 'परळ' असं लिहिलं. "काम संपायच्या तीन महिने आधी मला लिव," त्या म्हणाल्या. "संपल्यावर नको. आधी." ते मी नंतर आयुष्यभर पाळलं, आणि दुसऱ्यांनाही सांगत आले.

वडिलांनी राजीनाम्याचा मसुदा करू का, असं विचारलं. या वेळी मी करू दिला. व्यापारी तो वाचून इतका खूश झाला की निघताना त्यानं मला एक रीम उत्तम बाँड पेपर भेट दिला.

परळमधला पहिला आठवडा पुरुषांचा होता. दुसऱ्या आठवड्यात, जिथे सूत गुंडाळतात त्या वाइंडिंग खात्यातली एक बाई आली, साठीच्या आसपासची, हिरवा चुडा, नऊवारी. डॉक्टरांनी विचारलं, ती गप्प. पुन्हा विचारलं, ती पदराचं टोक पिळत बसली. शेवटी तिनं मला खूण केली, टेबलाच्या पलीकडून इकडे ये. मी खुर्ची उचलून तिच्या शेजारी ठेवली. डॉक्टर उठले आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

"काय लिवतंस गो?" तिनं माझ्या वहीत डोकावून विचारलं.

"तुम्ही बोलाल ते."

"सगळा?"

"सगळं."

तिनं त्या रेघांकडे थोडा वेळ बघितलं, जरा सरकून नीट बसली आणि म्हणाली, "मगे लिव. माज्या लग्नापासून सांगतंय."